डब्यातला कण: हे n आलं कुठून?

पोरांनो, आज आपण डब्यात कोंडलेल्या कणाच्या एनर्जी लेव्हल्स बघितल्या, म्हणजे त्याला चालणाऱ्या ठराविक एनर्जी, आणि त्यांना n = 1, 2, 3 असे क्रमांक दिले. लेक्चर संपता संपता मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, हे n आपण मध्येच कुठून आणलं?" प्रश्न एकदम बरोबर होता, आणि घंटा झाली म्हणून मी "ते गणितातून येतं" असं म्हणून सुटलो, ते काही बरोबर नव्हतं. घरी आल्यावर चैन पडेना म्हणून हे टाइप करतोय. श्रोडिंजरचं समीकरण उद्या फळ्यावर सोडवूच, परीक्षेला ते लागणारच आहे, पण आत्ता ते बाजूला ठेवा. फक्त शाळेतलं गणित घेऊन जाऊ.

आधी एक काम करा. कपडे वाळत घालायची दोरी घ्या, एक टोक खिडकीच्या गजाला बांधा आणि दुसरं हातात धरून हळूहळू हलवा. हात एका ठराविक वेगाने हलला की सगळ्या दोरीचा एकच मोठा फुगा होतो, वरखाली वरखाली. वेग वाढवलात की मध्ये सगळा गोंधळ, दोरी नुसतीच वळवळते. अजून वाढवा, आणि दुप्पट वेगाला अचानक दोन फुगे दिसतात, मधला बिंदू जवळजवळ स्थिर. मग परत गोंधळ, मग तीन फुगे. दीड फुगा कधी टिकत नाही, कितीही प्रयत्न करा. हॉस्टेलच्या पोरांनी आज रात्रीच करून बघा, वॉर्डनला सांगा फिजिक्सचं प्रॅक्टिकल आहे.

आता दीड फुगा का नाही? दोन्ही टोकं जखडलेली आहेत म्हणून. एक टोक गजाला, दुसरं हातात (हात हलतो, पण जेमतेम). टोकाला दोरी हलायचीच नाही अशी अट आहे, मग दोन टोकांच्या मध्ये अर्ध्या अर्ध्या लहरी पूर्ण संख्येनेच बसणार, एक, दोन, तीन. हेच ते n. कुणी वरून लादलेलं नाही, फुगे मोजले की n मिळतो. आणि गज सोडून दोरी मैलभर लांब केली तर? तर वाट्टेल ती लहर पाठवा, कुणी अडवणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की एनर्जी लेव्हल्स इलेक्ट्रॉन स्वतःबरोबर घेऊन येत नाही, त्या भिंतींमुळे तयार होतात. मोकळ्या इलेक्ट्रॉनला कुठलीही एनर्जी चालते, क्वांटाइज्ड वगैरे काही नाही. त्याला कोंडलं की मगच पायऱ्या पडतात.

पण दोरी ठीक आहे, इलेक्ट्रॉनचा लहरीशी काय संबंध? तो संबंध १९२४ मध्ये द ब्रॉयने आपल्या पीएचडीच्या प्रबंधात जोडला, की कुठल्याही कणाला एक तरंगलांबी असते, λ = h/p, इथे p म्हणजे संवेग आणि h म्हणजे प्लांकचा स्थिरांक. संवेग जास्त तर लहर आखूड. एवढं मान्य केलंत की बाकीचं तीन ओळींत होतं. डब्याची रुंदी L, भिंती इतक्या पक्क्या की बाहेर कण सापडण्याची शक्यता शून्य, म्हणून भिंतीपाशी लहरही शून्य. मग:

```
L = n·λ/2        म्हणून  λ = 2L/n
p = h/λ = nh/2L
E = p²/2m = n²h²/8mL²
```

झालं. मोठ्या गणितातून पण हेच उत्तर येतं, अक्षर न अक्षर. (खरं तर हा डबा इतका सरळ आहे म्हणून हे जमतं, हायड्रोजनला असा शॉर्टकट मारायला जाऊ नका.)

आता आकडे घालू, कारण आकडे घातल्याशिवाय फिजिक्स अंगी लागत नाही असं माझं ठाम मत आहे. इलेक्ट्रॉन आणि १ नॅनोमीटरचा डबा घेतला तर पहिली लेव्हल येते ०.३७६ इलेक्ट्रॉन व्होल्ट. दुसरी त्याच्या ४ पट, म्हणजे १.५०, तिसरी ९ पट, ३.३८, चौथी १६ पट, ६.०२. मधली अंतरं बघा, ३, ५, ७ पट, म्हणजे वर जावं तसं अंतर वाढत जातं. गाइडमध्ये जिन्याचं चित्र असतं ना, एकसारख्या पायऱ्यांचं, ते मला अजिबात आवडत नाही. एक तर पायऱ्या सारख्या नाहीत, आणि दुसरं म्हणजे जिना का आहे हे त्या चित्रातून कळतच नाही. पायऱ्यांची रचना डब्याच्या आकारावर ठरते. या डब्यात त्या लांब लांब जातात, हायड्रोजनमध्ये वर जाताना जवळ जवळ येतात, स्प्रिंगसारख्या हार्मोनिक ऑसिलेटरमध्ये समान अंतरावर असतात.

इलेक्ट्रॉन तिसरीवरून दुसरीवर उतरला तर ५ पट, म्हणजे १.८८ इलेक्ट्रॉन व्होल्टचा फोटॉन बाहेर पडतो. १२४० भागिले १.८८ करा, साधारण ६६० नॅनोमीटर, लाल रंग! चौथीवरून तिसरीवर उतरला तर ४७१ च्या आसपास, निळा. नुसत्या लांबी-रुंदीच्या हिशोबातून रंग निघतो हे मी स्वतः पहिल्यांदा केलं तेव्हा दोनदा कॅल्क्युलेटर तपासला होता.

मग तुमचा पुढचा प्रश्न, जो दरवर्षी येतो: हे आपल्याला रोजच्या वस्तूंत का दिसत नाही? कॅरम घ्या. बोर्ड आतून ७४ सेंटिमीटर, स्ट्रायकर १५ ग्रॅमचा, वेग सेकंदाला १ मीटर. डबाच आहे हा, चार भिंती आहेत, स्ट्रायकर आपटून परत येतो. तर त्याचा n किती? n = 2Lp/h लावलं तर ३ वर ३१ शून्यं, एवढा येतो. एवढ्या वरच्या पायरीवर असताना शेजारची पायरी इतकी जवळ असते की तुलनेने ती दिसणंच शक्य नाही, सगळं सलग वाटतं. उतारावर वाळूचे कण मोजता येत नाहीत, उतार दिसतो, तसंच. नियम स्ट्रायकरला पण तोच आहे, फक्त m आणि L मोठे असल्यामुळे पायऱ्या बारीक झाल्यात.

आता n = 0 का नाही. शून्य फुगे म्हणजे दोरी सपाट, आणि इथे सपाट लहर म्हणजे कण डब्यात कुठेच सापडायची शक्यता नाही, म्हणजे डबा रिकामा! मग आपण कोणाबद्दल बोलतोय? म्हणून सुरुवात १ पासून. याचा अर्थ असा की डब्यातला कण पूर्ण गप्प बसूच शकत नाही, कितीही थंड करा. पहिलीतल्या पोराला बाकावर बसवल्यासारखं आहे, आणि बाक जितका आखूड तितकी चुळबुळ जास्त. अनिश्चिततेच्या तत्त्वातून पण हेच निघतं. कण L एवढ्या जागेतच आहे हे आपल्याला पक्कं माहीत आहे, मग संवेगाची अनिश्चितता शून्य असूच शकत नाही.

एक प्रश्न मात्र असा आहे की ज्यावर दर बॅचमध्ये भांडण होतं. n = 2 ला मध्यभागी कण सापडायची शक्यता शून्य आहे, मग तो डावीकडून उजवीकडे जातो कसा? उडी मारतो का? नाही. घोळ प्रश्नात आहे. "जातो" म्हटलं की तुमच्या डोक्यात गोटी आली, जी आत्ता इथे आहे आणि नंतर तिथे. n = 2 च्या अवस्थेत अशी गोटी ये-जा करत नसते, दोन्ही फुगे मिळून एकच अवस्था आहे. दोरीला दोन फुगे असतात तेव्हा "फुगा मधला बिंदू ओलांडून पलीकडे कसा गेला" असं आपण विचारतो का? मोजमाप केलं तर कण कुठेतरी एका जागी सापडतो, मोजायच्या आधी तो नेमका कुठे होता याचं उत्तर हे गणित देत नाही. हे पटायला वेळ लागतो, मलाही लागला, आणि पूर्ण पटलं असं आजही छातीठोकपणे म्हणणार नाही.

"सर असा डबा खरंच असतो का?" असतो की. १९९३ मध्ये आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या लॅबमध्ये क्रॉमी, लुट्झ आणि आयगलर यांनी तांब्याच्या पृष्ठभागावर लोखंडाचे ४८ अणू एकेक करून सरकवत गोल कुंपण घातलं, सुमारे १४ नॅनोमीटर व्यासाचं, आणि आत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनच्या लहरी चक्क फोटोत दिसल्या, तळ्यात खडा टाकल्यावर दिसतात तशा. तो डबा गोल होता, त्यामुळे आपलं सूत्र जसंच्या तसं लागत नाही, पण गोष्ट तीच. आणि क्वांटम डॉट, म्हणजे काही नॅनोमीटरचे इवले कण, तर आता टीव्हीतसुद्धा असतात. एकच पदार्थ, कॅडमियम सेलेनाइड, त्याचे दोनेक नॅनोमीटरचे कण निळसर चमकतात आणि सहाच्या आसपासचे लाल. डबा लहान, लेव्हल्स लांब, फोटॉन जास्त एनर्जीचा. यासाठी बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना २०२३ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. (आपल्या डब्याचं नोबेल केमिस्ट्रीवाल्यांनी नेलं, असो.)

मॉडेल कुठे फसतं तेही बघून ठेवा, म्हणजे त्यावर आंधळा विश्वास बसणार नाही. गाजराचा रंग बीटा कॅरोटीनमुळे, त्याच्या रेणूतल्या कार्बनच्या साखळीत ११ दुहेरी बंध, म्हणजे साखळीभर पसरलेले २२ π इलेक्ट्रॉन. एका लेव्हलला दोन बसवले की ११ लेव्हल्स भरल्या, प्रकाश शोषून अकरावीचा इलेक्ट्रॉन बारावीत जातो (हो, अकरावी-बारावी, हसून घ्या). २१ बंध, प्रत्येक साधारण ०.१४ नॅनोमीटर, डबा २.९ च्या पुढेमागे. फरक १२² वजा ११², म्हणजे पहिल्या लेव्हलच्या २३ पट, उत्तर येतं जेमतेम १ इलेक्ट्रॉन व्होल्ट. प्रत्यक्षात कॅरोटीन ४५० नॅनोमीटरजवळचा निळा प्रकाश शोषतं, म्हणजे जवळपास २.७. पार गंडलं! कारण साखळीत आखूड आणि लांब बंध आलटून पालटून येतात, त्यामुळे डब्याचा तळ आपण धरला तसा सपाट नाहीये, खडबडीत आहे. सायनिन नावाचे रंग आहेत, त्यांच्यात बंध जवळजवळ एकसारखे असतात, तिथे हेच मॉडेल बरंच जवळचं उत्तर देतं.

उद्या येताना एवढं करून आणा. डबा १० फेम्टोमीटरचा, आत प्रोटॉन, साधारण अणुकेंद्रकाच्या मापाचा. पहिली लेव्हल काढा. नंतर ०.२ नॅनोमीटरच्या डब्यात, म्हणजे अणूएवढ्या जागेत, इलेक्ट्रॉन ठेवून काढा. पहिलं उत्तर २ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास आलं पाहिजे आणि दुसरं साडेनऊच्या, नाही आलं तर मीटरमध्ये बदलताना घात चुकलाय. आणि मग रासायनिक क्रिया काही इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये आणि अणुकेंद्रकाच्या क्रिया दशलक्षांत का मोजतात, हे तुम्ही मला फळ्यापाशी येऊन सांगायचं. मागच्या बाकापासून सुरुवात.