कापशी कोल्हापुरी चप्पल, पुरुषांसाठी (दुहेरी चामडी तळ, हातशिलाई)

रंग: चामड्याचा मूळ तपकिरी. नंबर: ६ ते ११. रुंदी: मध्यम आणि रुंद. किंमत: जोडीला २,४५० रुपये.

कागल तालुक्यातल्या कापशी गावाच्या नावानं ओळखली जाणारी ही घडण. दोन्ही बाजूंना कान, मधे रुंद पट्टा, त्यावर बारीक वेणी आणि अंगठ्याला चामड्याची कडी. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांचं मिळून आहे.

तळ
तळ म्हशीच्या चामड्याचा, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेला. दोन थर आहेत. पंजापाशी जाडी ११ मिलिमीटर, टाचेला आणखी एक थर धरून २० मिलिमीटर. थर चामड्याच्याच वादीनं शिवलेत. खिळा नाही, चिकटवणी नाही. चप्पल उलटी करून कडेला पाहिलंत तर वादीचा टाका एकेक दिसेल, आणि दोन टाक्यांमधलं अंतर थोडं पुढंमागं असेल. तो दोष समजू नका, हातानं शिवल्याची ती खूण आहे. ८ नंबरच्या जोडीचं वजन साधारण ६०० ग्रॅम भरतं.

नंबर कसा निवडायचा
आमचे नंबर भारतीय म्हणजेच ब्रिटिश मापाचे. पायाची लांबी आणि युरोपीय नंबर असे जुळतात:

६ – २४.८ सेंमी – ४०
७ – २५.७ सेंमी – ४१
८ – २६.५ सेंमी – ४२
९ – २७.३ सेंमी – ४३
१० – २८.२ सेंमी – ४४
११ – २९ सेंमी – ४५

अमेरिकेतल्या भावासाठी किंवा जावयासाठी घेत असाल, तर त्यांच्या पुरुषांच्या नंबरातून एक वजा करा: त्यांचा ९ तो आपला ८. ब्रिटिश मापात एका नंबराचं अंतर एक तृतीयांश इंच, म्हणजे साडेआठ मिलिमीटरच्या जवळपास असतं. युरोपीय मापात ते पावणेसात मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे हे दोन्ही नंबर कधीच तंतोतंत जुळत नाहीत. नंबरापेक्षा सेंटीमीटरवर विश्वास ठेवा.

स्पोर्ट्स शूजचा नंबर तर मुळीच सांगू नका. मोजे आणि बोटांपुढची मोकळी जागा धरून तो बहुतेकांनी एक नंबर मोठा घेतलेला असतो. संध्याकाळी पाय थोडे फुगलेले असताना कागदावर उभे राहा, पेन्सिल सरळ धरून पायाभोवती रेघ ओढा, सगळ्यात लांब बोटापासून टाचेपर्यंत मोजा. दोन्ही पाय मोजा आणि मोठा धरा. माप दोन नंबरांच्या मधे आलं तर मोठा नंबर घ्या, कारण चामडं लांबीला वाढत नाही.

रुंदी
त्याच कागदावर पंजाची सगळ्यात रुंद जागा मोजा. ८ नंबरला १० सेंमीपर्यंत मध्यम, त्यापुढे १०.८ पर्यंत रुंद. पट्टा मात्र वापरून सैल होतो. म्हणून नवीन जोड पावलावर घट्ट बसला तर घाबरू नका, घट्टच बसायला हवा. पहिल्याच दिवशी सैल वाटणारा जोड महिन्याभरात पायातून निसटायला लागतो. पावलाचा उंचवटा जास्त असेल तर ऑर्डर देताना लिहा, आम्ही पट्टा अर्धा सेंमी वाढवून शिवतो.

पायाला सवय
खरं सांगायचं तर सुरुवातीला ही चप्पल चावते, विशेषतः अंगठ्याच्या कडीपाशी. रात्री कडीला आणि पट्ट्याला आतून खोबरेल तेलाचं बोट फिरवा. पहिले तीन-चार दिवस घरात अर्धा-अर्धा तास घाला, मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. आठ-दहा दिवसांत तळावर तुमच्या टाचेचा आणि बोटांचा ठसा उमटतो. तिथून पुढं ती तुमच्या पायाची चप्पल होते, दुसऱ्या कुणाच्या पायाला तशी बसत नाही.

तळ सपाट आहे, तळव्याच्या कमानीला उठाव नाही. टाचदुखीचा त्रास असेल तर ही घेऊ नका.

कुठं घालायची
लग्नकार्य, देऊळ, बाजारहाट, ऑफिस, कोरड्या रस्त्यावरचा दोन-तीन किलोमीटरचा फेरफटका. उन्हात फुपाट्यातून चालायला जाड तळ उत्तम, कारण खालचा चटका पायापर्यंत पोचत नाही. धावायला, गड चढायला किंवा ओल्या फरशीवर वापरू नका, चामडी तळ घसरतो. आषाढी वारीला तर नेऊच नका, पावसात भिजून तळ फुगतो आणि वादी सैल होते. पावसाळ्यात कापडात गुंडाळून ठेवा. चुकून भिजलीच तर सावलीत वाळवा, उन्हात नको, आणि वाळल्यावर तेलाचा हात फिरवा.

माप चुकलं तर न वापरलेला जोड सात दिवसांत बदलून देतो. वादी सुटली तर वर्षभर शिलाई आमच्याकडे मोफत.