स्प्रिंग आणि ठोकळा: पिरियड, एनर्जी, फेज, तीन गणितांत

एसएचएमच्या गणितात पिरियड कोणी चुकत नाही, एनर्जीही बहुतेकांना जमते, मार्क जातात ते फेजमध्ये. म्हणून पहिल्या गणितात तिथे जरा जास्त वेळ थांबू.

गणित 1. गुळगुळीत टेबलावर 0.5 किलोचा ठोकळा आहे, स्प्रिंगचा k = 200 न्यूटन प्रति मीटर, आयाम 10 सेंमी. t = 0 ला ठोकळा x = +5 सेंमीवर आहे आणि मध्याकडे चाललाय. पिरियड, एनर्जी, फेज काढा आणि ठोकळा पहिल्यांदा मध्यावर कधी येतो ते सांगा.

ω = √(k/m) = √(200/0.5) = 20 रेडियन प्रति सेकंद
T = 2π/ω = 0.314 सेकंद

यात आयाम कुठेच आला नाही बघा, 10 च्या जागी 3 सेंमी असता तरी T तोच.

एनर्जीत सेंमीचे मीटर आधीच करून टाका, वर्ग केल्यावर करायला गेलं की शंभरऐवजी दहा हजाराने भागायचं राहून जातं.

E = ½kA² = ½ × 200 × (0.1)² = 1 ज्यूल
x = 0.05 ला U = ½ × 200 × 0.0025 = 0.25 ज्यूल
K = 1 − 0.25 = 0.75 ज्यूल
v = √(2K/m) = √3 = 1.73 मी/से

म्हणजे अर्ध्या अंतरावर पोटेन्शियल एनर्जी अर्धी नसते, पाव असते. दोन्ही सारख्या व्हायला x = A/√2, इथे 7.07 सेंमी लागतं.

आता फेज. x = A cos(ωt + φ) घेतलं तर t = 0 ला cos φ = 5/10 = ½, आणि इथे कॅल्क्युलेटर π/3 दाखवतो की लगेच लिहून मोकळे होतात, पण −π/3 चा cos पण ½ च आहे ना, मग कुठला घ्यायचा ते वेग ठरवतो. v = −Aω sin(ωt + φ). ठोकळा +5 वरून मध्याकडे चाललाय म्हणजे v ऋण, म्हणजे sin φ धन, म्हणून φ = +π/3. तोच ठोकळा बाहेरच्या बाजूला जात असता तर −π/3 आला असता. "मध्याकडे चाललाय" हे दोन शब्द गणितात उगाच लिहिलेले नसतात.

कोणी sin ने सुरुवात केली, x = A sin(ωt + α), तर α = 5π/6 येतो. उत्तर वेगळं दिसलं म्हणून घाबरू नका, दोन्हीत π/2 चा फरक आहे आणि गती एकच आहे.

मध्यावर पहिल्यांदा: 20t + π/3 = π/2, t = π/120 = 0.026 सेकंद. हा T/12 आहे. टोकापासून मध्यापर्यंत T/4 लागतो, त्यातलं बाहेरचं अर्धं अंतर T/6 खातं आणि आतलं अर्धं फक्त T/12, कारण मध्याजवळ ठोकळा जोरात असतो.

गणित 2. वस्तू स्प्रिंगला टांगली, शांत झाल्यावर स्प्रिंग 4.9 सेंमी ताणलेली दिसते. वस्तुमान दिलं नाही, पिरियड काढा.

शांत स्थितीत mg = kd, म्हणून m/k = d/g, वस्तुमान लागतच नाही.

T = 2π√(0.049/9.8) = 2π × 0.0707 = 0.444 सेकंद

हीच वस्तू न ताणलेल्या स्प्रिंगला अडकवून हलकेच सोडली तर आयाम 4.9 सेंमी आणि जास्तीत जास्त ताण 9.8 सेंमी, कारण x नवीन शांत स्थितीपासून मोजायचा, स्प्रिंगच्या मूळ टोकापासून नाही. बाकी गुरुत्वाकर्षणाने पिरियडला काही होत नाही, फक्त मध्य खाली सरकतो.

गणित 3. पहिल्याच ठोकळ्यावर 0.3 किलोचा मातीचा गोळा सरळ वरून अलगद पडून चिकटला. (अ) मध्यावर असताना (ब) टोकाला असताना. नवीन पिरियड आणि आयाम?

पिरियड दोन्हीकडे सारखाच: ω = √(200/0.8) = 15.8, T = 0.397 सेकंद.

(अ) मध्यावर वेग Aω = 0.1 × 20 = 2 मी/से. इथे एनर्जी टिकते असं धरलं की गणित गेलं, चिकटणं म्हणजे टक्कर आणि टकरीत संवेग टिकतो: 0.5 × 2 = 0.8 × v, v = 1.25 मी/से. मग A = 1.25/15.8 = 0.079 मी, म्हणजे 7.9 सेंमी. एनर्जी ½ × 0.8 × 1.25² = 0.625 ज्यूल, 0.375 ज्यूल चिकटण्यात गेली.

(ब) टोकाला वेग शून्य, आडव्या दिशेने गमावायला काहीच नाही. आयाम 10 सेंमी, एनर्जी 1 ज्यूल, जशीच्या तशी. फक्त कमाल वेग 0.1 × 15.8 = 1.58 मी/से वर येतो, कारण तेवढीच एनर्जी आता जास्त वस्तुमान ओढतेय.