नाना, यंदाची चतुर्थी घरची!

नाना, तुम्हाला, वहिनींना आणि पोरांना गणेश चतुर्थीच्या मनापासून शुभेच्छा!

18 वर्षं एका गाडीवर काढली आपण. दर चतुर्थीला घरी आरती चालू आणि तुम्ही चाकरमान्यांच्या गर्दीत तिकिटं फाडताय, हेच पाहिलं. राजापूरच्या वस्तीला वहिनींच्या डब्यात अकरा मोदक असायचे. त्यातले सात मीच खायचो (तुम्ही मोजायचात, मला ठाऊक आहे), पण कधी बोलला नाहीत.

यंदा माटवी स्वतः बांधा, आरतीला टाळ धरा. नवा कंडक्टर पोरगा चांगला आहे, पण डबल बेल ऐकली की मी अजून आरशात तुम्हालाच शोधतो. पाचव्या दिवशी ड्युटी सुटली की येतोच. मोदक राखून ठेवा.

तुमचा ड्रायव्हर