वैद्यकीय कारणास्तव ६० दिवसांच्या परिवर्तित रजेचा अर्ज

दिनांक : १८ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
जिल्हा परिषद, नंदुरबार

मार्फत : मा. वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र, सावरीपाणी, ता. शहादा

अर्जदार : रवींद्र दगडू पाटील, औषध निर्माण अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र, सावरीपाणी

विषय : मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी दि. ०१/०९/२०२५ ते दि. ३०/१०/२०२५ या कालावधीत ६० दिवसांची परिवर्तित रजा मंजूर होणेबाबत, तसेच रजाकाळातील औषध भांडाराच्या व्यवस्थेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज सादर करतो, की माझ्या कंबरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांमधील गादी सरकली असून डाव्या पायाकडे जाणारी नस दबली आहे. त्यासाठी दि. ३ सप्टेंबर २०२५ रोजी धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया ठरली आहे. दि. १ सप्टेंबरला सकाळी दाखल व्हायचे आहे. तज्ज्ञांनी दाखल होण्याच्या दिवसापासून ६० दिवस पूर्ण विश्रांती सांगितली आहे.

कंबरदुखी मला दोन वर्षांपासून आहे. ती अंगावर काढत काम चालू होते आणि त्यासाठी मी एकही रजा घेतली नाही. दि. २६ जुलै रोजी सलाईनचे खोके गाडीतून उतरवून भांडारात लावताना डाव्या पायात कळ गेली. थोड्या वेळाने तळव्याला फरशी गार लागली म्हणून खाली पाहिले, तर डाव्या पायातली चप्पल दारातच राहिली होती. ती कधी निसटली ते मला कळलेच नव्हते. तेव्हापासून पायाचा अंगठा वर उचलला जात नाही आणि चालताना पंजा घासतो. दि. ६ ऑगस्टला एमआरआय झाला व दि. ११ ऑगस्टला तज्ज्ञांनी शस्त्रक्रियेचा निर्णय दिला. दिवाळीपर्यंत थांबता येईल का, असे मी दोनदा विचारले. पायातली शक्ती कमी होत चालली आहे, आणखी उशीर केला तर ती परत येईलच असे सांगता येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. म्हणून याच महिन्यात हा अर्ज करावा लागत आहे.

महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मधील नियम ६१ नुसार ही रजा वैद्यकीय प्रमाणपत्रावर परिवर्तित रजा म्हणून मंजूर व्हावी. सेवापुस्तकातील ३० जूनअखेरच्या नोंदीप्रमाणे माझ्या खाती २१४ दिवस अर्धवेतनी रजा शिल्लक आहे. ६० दिवसांच्या परिवर्तित रजेपोटी त्यातून १२० दिवस वजा होतील, हे मला मान्य आहे. अर्जित रजेला हात लावण्याची माझी इच्छा नाही. आपणास दुसऱ्या वैद्यकीय मताची आवश्यकता वाटल्यास दि. २९ ऑगस्टपूर्वी आपण सांगाल तेथे तपासणीस हजर राहीन. दि. ३१ ऑगस्टला रविवार असल्याने दि. ३० ऑगस्ट रोजी कार्यालयीन वेळेनंतर मुख्यालय सोडण्याची परवानगीही मिळावी.

आता भांडाराच्या व्यवस्थेविषयी. या केंद्रात औषध निर्माण अधिकाऱ्याचे एकच पद आहे आणि सप्टेंबर हा आमच्याकडे सर्पदंशाचा व कपाशीवरील फवारणीतून होणाऱ्या विषबाधेचा महिना आहे. अशा वेळी पद रिकामे सोडून जाताना जीव कासावीस होतो, म्हणून हा भाग थोडा सविस्तर लिहीत आहे.

शेजारच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील औषध निर्माण अधिकाऱ्यांनी मंगळवार व शुक्रवार हे दोन दिवस येथे येण्यास लेखी संमती दिली आहे. त्यांच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचीही हरकत नाही. मंगळवार बाजाराचा दिवस असल्याने त्या दिवशी बाह्यरुग्णांची गर्दी सर्वांत जास्त असते. मागणीपत्र, आवक-जावक, साठा नोंदवही आणि ई-औषधी प्रणालीतील नोंदी ही कामे ते या दोन दिवशी करतील. त्यांचा अतिरिक्त कार्यभाराचा आदेश आपल्या कार्यालयातून निघावा, ही विनंती. आदेश वेळेत निघाल्यास त्यांना स्वतंत्र लॉगिन घेता येईल. माझा पासवर्ड मी कोणास देणार नाही, कारण नोंद ज्याच्या हातची त्याच्याच नावावर असली पाहिजे.

इतर दिवशी औषधवाटप वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली अधिपरिचारिका करतील. त्यांना रोज लागणारी ४२ औषधे आठ-दहा दिवस पुरतील एवढी वाटप खोलीच्या कपाटात काढून ठेवतो, म्हणजे मधल्या दिवशी मुख्य भांडार उघडण्याची वेळ येणार नाही. मुदत आधी संपणारी खोकी पुढे लावली आहेत. डिसेंबरअखेर मुदत संपणाऱ्या सात औषधांच्या खोक्यांवर लाल शाईने तारीख टाकली आहे.

तातडीची औषधे मात्र भांडारात ठेवलेली नाहीत आणि ती तेथे हलवू नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका केंद्रावर असताना भांडाराची चावी रजेवर गेलेल्या माणसाबरोबर गावाला गेली होती. रात्री अकराला साप चावलेला दहा-बारा वर्षांचा मुलगा आला. लस कुलपात होती, त्यामुळे त्याला तसाच पुढे पाठवावा लागला. दीड तास वाटेत गेला. मुलगा वाचला, पण ते कुलूप अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. येथे सर्पदंशावरील लसीच्या ३० कुप्या आंतररुग्ण कक्षात परिचारिकेच्या टेबलामागच्या पेटीत आहेत. पेटीला कुलूप नाही, फक्त कागदी सील आहे. पहिल्या मात्रेला साधारण १० कुप्या लागतात, आणि लहान मुलालाही मात्रा मोठ्या माणसाएवढीच द्यावी लागते. म्हणून पेटीत २० कुप्या उरल्या की त्याच दिवशी भांडारातून ती भरून घ्यावी, मंगळवार-शुक्रवारची वाट पाहू नये. सध्याच्या कुप्या भुकटी स्वरूपातील आहेत. पुढच्या पुरवठ्यात द्रवरूप आल्या तर त्या २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात शीतकपाटातच ठेवाव्या लागतील, एवढे खोके उघडतानाच पाहावे. फवारणीच्या विषबाधेसाठी अॅट्रोपिन व प्रॅलिडॉक्झिम त्याच पेटीच्या खालच्या कप्प्यात आहेत.

भांडाराच्या चाव्यांचे दोन जोड आहेत. एक वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या कपाटात राहील, दुसरा कार्यभार घेणाऱ्यांकडे. माझ्याजवळ एकही चावी राहणार नाही.

कुत्रा चावलेले पाच रुग्ण लसीच्या मात्रांच्या मध्यावर आहेत. शून्य, तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा असे दिवस असतात. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत जखम भरून आलेली असते, त्यामुळे शेवटच्या मात्रेला माणूस बहुधा येत नाही. पाचही जणांची नावे, पाडा व तारखा अधिपरिचारिकांकडे दिल्या आहेत. तारखेच्या आदल्या दिवशी त्या त्या आशाताईंना फोन करायचा आहे.

सिकलसेलचे ३८ रुग्ण या केंद्रातून दरमहा औषध घेतात. माझ्या रजेत सर्वांत जास्त काळजी त्यांची आहे. दसऱ्यानंतर पाड्यांवरची कुटुंबे ऊसतोडीला गुजरातकडे व पश्चिम महाराष्ट्राकडे निघू लागतात. यंदा दसरा २ ऑक्टोबरला आहे. निघण्यापूर्वी त्यांना फॉलिक अॅसिड तीन महिन्यांचे द्यावे. ज्यांना हायड्रॉक्सीयुरिया चालू आहे अशा ११ जणांची रक्ततपासणी करून, त्यांची कॅप्सूल किती दिवसांची द्यायची ते वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ठरवावे. यासाठी जादा मागणीपत्र आजच पाठवले आहे. एक गोष्ट कागदावर कुठेच नाही म्हणून येथे लिहितो. पुरवठादार बदलला की कॅप्सूलचा रंग बदलतो आणि रुग्ण ‘ही आपली गोळी नाही’ म्हणून ती घेणे बंद करतात. गेल्या वर्षी एका मुलीने अशीच दोन महिने औषध न घेता काढली आणि शेवटी अंगदुखीने तळमळत तिला खाटेवर घालून आणावे लागले. रंग बदललेला दिसला तर जुनी पट्टी शेजारी ठेवून दाखवावी आणि पावरी बोलणाऱ्या आशाताईंकडून समजावून सांगावे. मराठीत सांगितले तर ते मान हलवतात, पण गोळी घरी जाऊन कोनाड्यात पडते.

लसीकरणाच्या शीतसाखळीची जबाबदारी आरोग्य सहाय्यकांकडे पूर्वीपासून आहे, तिच्यात बदल नाही. फक्त सकाळ-संध्याकाळ तापमान नोंदवहीवरील माझ्या सहीच्या जागी ते सही करतील.

दि. २८ व २९ ऑगस्टला दुपारनंतर साठ्याची प्रत्यक्ष मोजणी करून दि. ३० ऑगस्टला वैद्यकीय अधिकाऱ्यांसमक्ष कार्यभार सोपवीन. मोजणीत काही तफावत निघाल्यास तिचा खुलासा मी जाण्यापूर्वी लेखी देईन.

रजाकाळात माझा मुक्काम थोरल्या बंधूंकडे देवपूर, धुळे येथे राहील. पूर्ण पत्ता आणि भ्रमणध्वनी क्रमांक कार्यालयाच्या नोंदवहीत लिहून दिला आहे. शस्त्रक्रियेच्या आसपासचे चार-पाच दिवस सोडल्यास फोनवर भांडाराविषयी काहीही विचारल्यास मी सांगू शकेन. त्यासाठी संकोच करू नये. प्रत्यक्ष येणे मात्र जमणार नाही. वाकणे, ओझे उचलणे व मोटारसायकल चालवणे मला बंद केले आहे.

दि. ३१ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार रोजी कार्यालयीन वेळेपूर्वी वैद्यकीय योग्यता प्रमाणपत्रासह रुजू होईन. विश्रांती वाढवावी लागली तर मुदत संपण्यापूर्वीच नव्या प्रमाणपत्रासह अर्ज करीन. रुजू झाल्यावरही काही महिने जड खोकी उचलता येणार नाहीत, असे तज्ज्ञांनी आताच सांगितले आहे. पुरवठ्याची गाडी येईल त्या दिवशी एक परिचर भांडारास मिळावा, अशी विनंती याच अर्जाद्वारे करून ठेवतो.

तरी माझी रजा मंजूर करून शेजारच्या केंद्रातील औषध निर्माण अधिकाऱ्यांच्या अतिरिक्त कार्यभाराचा आदेश शक्यतो दि. २७ ऑगस्टपूर्वी निर्गमित व्हावा, म्हणजे साठ्याच्या मोजणीस ते स्वतः हजर राहू शकतील.

आपला विश्वासू,

(रवींद्र दगडू पाटील)
औषध निर्माण अधिकारी
प्राथमिक आरोग्य केंद्र, सावरीपाणी, ता. शहादा, जि. नंदुरबार

सोबत : दि. ११/०८/२०२५ चे वैद्यकीय प्रमाणपत्र, एमआरआय अहवालाची प्रत, विहित नमुन्यातील रजेचा अर्ज, कार्यभार घेणाऱ्यांचे संमतीपत्र, सिकलसेल रुग्णांची पाडानिहाय यादी (बंद पाकिटात).

प्रत माहितीसाठी : मा. तालुका आरोग्य अधिकारी, शहादा