ईश्वरीला, आईकडून

ईशू,

तोंडावर बोलायला गेली की तू "आई प्लीज ना" म्हणून कानात इअरफोन घालते, म्हणून लिहून राहिली. केमिस्ट्रीच्या रजिस्टरमध्ये ठेवते. बाबांना माहीत आहे काय लिहिलं ते, त्यामुळे लपवायची गरज नाही.

पहिले पाळीचं. महालक्ष्म्यांच्या वेळी काटोलला तुला नेमकी अडचण आली आणि आजीने बाजूला बसवलं, आंबीलसुद्धा लांबून वाढली, तुझा चेहरा पाहिला मी. आजीशी मी बोलीन, तू भांडू नको, तिचं वय झालं. पण आपल्या घरात हे चालणार नाही. लोणच्याच्या बरणीत बिनधास्त हात घाल, नासलं तर माझं नाव बदल. आणि मेडिकलवाला पॅड पेपरात गुंडाळून वर काळी पन्नी देतो ना, नको म्हण त्याला, ब्रेड घेतल्यासारखं घ्यायचं.

तुझ्या वयात पाळी २१ ते ४५ दिवसांत कधीही येऊ शकते, दोन दिवस मागे-पुढे झालं की घाबरायचं नाही. पण तीन महिने आलीच नाही, किंवा तासाभरात पॅड पूर्ण भिजून राहिला आणि असं दोन-तीन तास चाललं, किंवा आठ दिवस झाले तरी थांबतच नाही, तर लगेच सांगायचं. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचा, कमी भिजला असला तरी, ट्यूशनहून घरी येईपर्यंत तोच नको, त्यात मे महिन्यातलं नागपूर म्हणजे विचारूच नको. दुखून राहिलं की सहन करत बसण्यात काही बहादुरी नाही. दुखणं सुरू होताच डॉक्टर मॅडमनी दिलेली गोळी जेवून घ्यायची, अन् तरीही कॉलेज बुडण्याइतकं दुखत असेल तर ते नॉर्मल नाही.

आता दुसरं. तू परवा तुझ्या मैत्रिणीचं सांगितलं, की तो मुलगा "विश्वास नाही का माझ्यावर" म्हणून फोटो मागून राहिला. हे वाक्य कुठंही ऐकलं की सावध हो. ज्याला खरंच तुझी काळजी आहे तो एकदा नाही म्हटलं की थांबतो, तोंड फुगवत नाही, चार दिवस अबोला धरत नाही. गप्प बसणं म्हणजे हो नाही, आणि फुटाळ्यावर फिरायला गेली म्हणजे पुढच्या सगळ्याला हो म्हटलं असंही नाही. मध्येच मन बदललं तर बदललं, कारण द्यायची गरज नाही. हे दुसऱ्यांनाही लागू आहे बरं, मामाच्या आर्यनला मिठी मारायची नसेल तर तूही ओढू नको त्याला. कायदा पण माहीत असू दे, १८ च्या आत मुलीने हो म्हटलं तरी पॉक्सो कायद्यात ती संमती धरतच नाही, आणि तसे फोटो काढणं, पाठवणं, फोनमध्ये ठेवणं सगळं गुन्हा आहे. कोणी फोटोवरून धमकी दिली तर डिलीट करून रडत बसायचं नाही, धमकीचा स्क्रीनशॉट घे अन् मला फोन कर. मी नाही मिळाली तर १०९८, मुलांची हेल्पलाइन.

तिसरं, जे तुला आत्ता लागत नाही, पण नंतर रील बघून शिकण्यापेक्षा माझ्याकडून ऐक. तू मोठी होशील, लग्न करशील-नाही करशील, लेकरू कधी हवं, हवं की नको, ते तू ठरवशील. कंडोम ही एकच गोष्ट अशी आहे की गर्भही टळतो आणि इन्फेक्शनपासूनही वाचवते, बाकी कशानेच इन्फेक्शन टळत नाही. रोजच्या गोळ्या आहेत, पण मायग्रेन, बीपी असेल तर डॉक्टरला विचारूनच. तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन आणि छाया गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. कॉपर-टी तर दहा वर्षंसुद्धा चालते, काढली की दिवस राहू शकतात, अन् त्याने मूल होत नाही वगैरे बायका सांगतात त्याकडे लक्ष देऊ नको. "सेफ दिवस" आणि "मी सांभाळतो" यावर तर अजिबात विसंबू नको.

७२ तासांतली गोळी असते, जितकी लवकर तितकी चांगली, पण ती इमर्जन्सीची, दर महिन्याची नाही, आणि दिवस राहून गेले असतील तर तिचा उपयोग नाही. गर्भपात आपल्याकडे १९७१ च्या कायद्याने कायदेशीर आहे, लग्न न झालेल्या बाईलासुद्धा, फक्त ठरलेल्या आठवड्यांच्या आत आणि मान्यता असलेल्या डॉक्टरकडेच. मेडिकलमधून गोळ्या आणून लपूनछपून काही करायचं नाही, जीव जाऊ शकतो.

कधीही, कुठेही, रात्री दोन वाजता का होईना, फसली तर फोन कर. मी पहिले गाडी काढीन, काहून अन् कसं ते नंतर. रागवीन थोडी, तेवढा हक्क ठेवते.

शनिवारी चार वाजता डॉक्टर मॅडमकडे नंबर लावला आहे, हिमोग्लोबिन १२ च्या वर आहे का बघू, सिकलसेलची टेस्टही करून घेऊ, विदर्भात ते बरंच आहे. आत तू एकटी जा, मी बाहेर बसते. आणि काही विचारायचं असेल तर याच कागदाच्या मागे लिहून माझ्या पर्समध्ये टाक.

आई