विषय : टॉवेलच्या ऑर्डरवरील जादा सवलतीबाबत

अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर
दि. ४ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. श्रीमती जाधव मॅडम,
महाबळेश्वर

सप्रेम नमस्कार.

आपले १ सप्टेंबरचे पत्र आणि सोबतची ऑर्डर मिळाली. पाचगणीचे तिसरे हॉटेल दिवाळीत सुरू होते आहे हे वाचून फार आनंद झाला. आपले आणि आपल्या कुटुंबाचे मनापासून अभिनंदन.

३० बाय ६० इंची आंघोळीचे टॉवेल १,५०० आणि हात पुसायचे छोटे टॉवेल १,५००, दोन्ही पांढरे, ५०० जीएसएम, अशी ऑर्डर मी नोंदवून घेतली आहे. आपल्याला नेहमी मिळणारी १० टक्के सवलत धरून मोठा टॉवेल २५२ रुपये आणि छोटा ५४ रुपये पडतो. एकूण ४,५९,००० रुपये, त्यावर ५ टक्के जीएसटी. हे दर कायम आहेत.

आपण याउपर आणखी ६ टक्के मागितले आहेत, म्हणजे २७,५४० रुपये. मॅडम, ही जादा सवलत मला देता येणार नाही. आपल्यासारख्या गिऱ्हाइकाला नुसता नकार कळवून मोकळे होणे मला बरे वाटले नाही, म्हणून कारण सविस्तर लिहितो.

टॉवेलच्या दरातल्या दर शंभर रुपयांपैकी साठेक रुपये सुताचे असतात. विणाई, ब्लीचिंग, वीज, कडेची शिलाई, पॅकिंग आणि महाबळेश्वरपर्यंतचे गाडीभाडे यांत बाकीचे जातात आणि शेवटी सात-आठ रुपये कारखान्याला राहतात. त्यातले सहा सोडले तर पुढच्या हंगामाचे सूत उचलायला हातात काही उरत नाही. कामगारांच्या मजुरीत कपात करणे मला मान्य नाही. ब्लीचिंगचे आणि विजेचे दर माझ्या हातात नाहीत. मग उरते ते सूतच. सहा टक्के तिथून काढायचे तर सुमारे दहा टक्के सूत कमी घालावे लागेल. ५०० जीएसएमचा टॉवेल ४५०वर येईल आणि ५८० ग्रॅमचा मोठा टॉवेल ५२०च्या आसपास भरेल. आपली सगळी ऑर्डर मिळून टनभर माल आहे, त्यातून शंभर किलोहून जास्त सूत गायब होईल.

नवा असताना हा फरक कुणाच्या लक्षात येत नाही. पण हॉटेलचा टॉवेल जवळजवळ रोज लाँड्रीत जातो, गरम पाण्यात, कडक पावडरीत. विरळ विणीतले लूप आधी ओढले जातात, मग टॉवेल मधे पातळ होतो आणि पाणी टिपेनासा होतो. महाबळेश्वरच्या पावसाळ्यात तर टॉवेल वाळवण्याचीच मारामार असते हे आपण मला किती वेळा सांगितले आहे. नव्या हॉटेलच्या पहिल्याच हंगामात पाहुण्याच्या हाती असा टॉवेल पडावा हे मला नको आहे. वजन गुपचूप उतरवून आपल्याला हवा तो दर दाखवणे मला जमणार नाही.

कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क सरकारने माफ केले, मग सूत स्वस्त व्हायला हवे, असे आपण लिहिले आहे. मुद्दा रास्त आहे. ही माफी ३१ डिसेंबरपर्यंत आहे आणि ती कापसावर आहे. बाहेरच्या गाठी बंदरात उतरायच्या, गिरणीत जायच्या, त्यांचे सूत व्हायचे आणि ते सोलापूरच्या बाजारात यायचे, याला वेळ लागतो. दिवाळीच्या हंगामासाठी लागणारे सूत मी दरवर्षीप्रमाणे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच उचलले, तेव्हाच्या दराने. सूत खरोखर उतरले तर आपल्या पुढच्या ऑर्डरचा दर मी स्वतः कमी करून पाठवीन, आपल्याला मागावे लागणार नाही.

दुसरीकडून आलेल्या कमी दराविषयीही आपण मोकळेपणाने लिहिलेत, त्याबद्दल आभार. तो व्यापारी कोण, हे मला जाणून घ्यायचे नाही. एवढेच सुचवतो : त्यांचा एक टॉवेल मागवा, माझा एक घ्या, दोन्ही काट्यावर ठेवा आणि आपल्याच लाँड्रीत दहा-बारा धुण्या होऊ द्या. सूत दुहेरी पिळाचे आहे का, तेही विचारा. इतके पाहूनही त्यांचा माल सरस ठरला, तर आपण तो जरूर घ्यावा. माझा राग नसेल.

नवे हॉटेल उभे करताना चहूबाजूंनी पैसा लागतो, याची मला जाणीव आहे. दर न मोडता मला जे करता येते ते असे.

ऑर्डरसोबत निम्मी रक्कम आगाऊ दिलीत तर बिलावर २ टक्के, म्हणजे ९,१८० रुपये कमी करतो. सूत उधारीवर उचललेले आहे. व्यापाऱ्याचे पैसे लवकर चुकते झाले की माझे व्याज वाचते, तेच आपल्याला देतो आहे.

आगाऊ देणे सोयीचे नसेल तर माल दोन हप्त्यांत घ्या. पाचगणीचा माल दसऱ्याच्या आधी पाठवतो. जुन्या दोन हॉटेलांचा तयार करून माझ्या गोदामात ठेवतो, जागेचे भाडे नाही. आपण सांगाल तेव्हा तो निघेल, बिल तेव्हाच होईल आणि ४५ दिवसांची मुदत त्या दिवसापासून धरली जाईल.

आणि खर्च २७ हजारांनी खाली आणणे भागच असेल, तर वजनाऐवजी नग कमी करा, असा माझा आग्रह आहे. नव्या हॉटेलसाठी आपण दर खाटेमागे चार टॉवेल धरले आहेत. एक खोलीत, एक लाँड्रीत, एक कपाटात, असे तीन सुरुवातीला पुरतात. मोठे टॉवेल ११० कमी केले की २७,७२० रुपये वाचतात. ते नग मार्चअखेरपर्यंत केव्हाही मागवा, याच दराने देईन.

२०२०च्या टाळेबंदीत हॉटेलांना कुलूप असताना आपण माझे जुने बिल पूर्ण चुकते केले होते. त्या पैशातून इथल्या कामगारांच्या हातात पगार पडला. ते मी विसरलेलो नाही आणि १० टक्क्यांची सवलत त्यामुळेच इतर कुणाला नाही, फक्त आपल्याला आहे.

विसर्जनानंतर कामगार सोमवारी, ८ तारखेला, परत येतील. आपले उत्तर बुधवारी, १० सप्टेंबरपर्यंत आले तर त्याच आठवड्यात माग आपल्या मालावर चढवतो. वरच्यापैकी काय सोयीचे आहे तेवढे कळवा, फोनवर सांगितलेत तरी चालेल. पाचगणीच्या टॉवेलच्या काठावर हॉटेलचे नाव विणायचे असेल तर अक्षरांचा नमुनाही तेव्हाच पाठवा. त्याचे वेगळे पैसे लावणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
श्रीनिवास
(मालक, टेरी टॉवेल कारखाना)