घोषणा: 'बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमधील रक्तक्षय आणि हंगामी स्थलांतर'

अर्थसाहाय्य
सु. दे. यांना विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळते. तपासणीच्या साहित्याचा आणि फडांवर जाण्या-येण्याचा खर्च लेखकांनी स्वतः केला. साखर कारखाना, मुकादम किंवा कामगार संघटनेकडून पैसे, वाहन वा निवास घेतलेला नाही.

नैतिक मान्यता आणि संमती
पहिल्या लेखिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयातील संस्थात्मक नैतिकता समितीने ११ सप्टेंबर २०२३ रोजी मान्यता दिली (क्र. आयईसी/२०२३/४७). मुलाखतींचा भाग नंतर जोडला. त्याची सुधारित मान्यता ८ जानेवारी २०२४ ची आहे. अभ्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार केला.

सर्व २१२ सहभागींची संमती लेखी आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या स्त्रियांना माहितीपत्रक मराठीत वाचून दाखवले आणि टोळीबाहेरच्या साक्षीदारासमोर अंगठा घेतला. उचल मुकादमाकडून घेतलेली असताना त्याच्यासमोर 'नाही' म्हणणे अवघड असते. म्हणून संमती घेताना आणि मुलाखतीच्या वेळी मुकादम हजर नसेल, ही अट आम्ही आराखड्यातच घातली होती. हिमोग्लोबिन ८ ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी आढळलेल्या स्त्रियांना त्याच दिवशी चिठ्ठी देऊन जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवले.

विदा उपलब्धता
हिमोग्लोबिन, वयोगट आणि हंगामांची संख्या असलेली ओळखरहित सारणी व R (४.३.२) मधील `hb_analysis.R` ही संहिता पूरक सामग्रीत दिली आहे. गाव, तालुका, कारखाना आणि टोळी हे रकाने काढले आहेत. एका टोळीत मोजकेच कोयते असतात. वय, मुलांची संख्या आणि गर्भाशय काढल्याचे वर्ष एकत्र आले की बाई कोण, हे गावात कुणीही सांगेल. त्यामुळे शस्त्रक्रियेची माहिती फक्त एकत्रित आकड्यांत आहे. मुलाखतींचे ध्वनिमुद्रण व लिप्यंतर कोणालाही दिले जाणार नाही, कारण तशी संमतीच घेतलेली नाही. संकेत-सूची मात्र संपर्क लेखिकेकडे मागता येईल.

लेखकांचे योगदान
संकल्पना व आराखडा: सु. दे., म. जा. क्षेत्रकाम, रक्ततपासणी व मुलाखती: सु. दे., रे. का. सांख्यिकी विश्लेषण: अ. शि. मुलाखतींचे संकेतन सु. दे. आणि रे. का. यांनी स्वतंत्रपणे केले, मतभेद म. जा. यांच्याशी चर्चेतून मिटवले. पहिला मसुदा: सु. दे. पुनर्लेखन व अंतिम मान्यता: सर्व लेखक.

हितसंबंध
म. जा. यांनी २०१८ ते २०२० या काळात एका साखर कारखान्याच्या आरोग्य शिबिरांत मानधनावर काम केले. तो कारखाना या अभ्यासात नाही. इतर लेखकांचे हितसंबंध नाहीत.

ऋणनिर्देश
ओळखी करून देणाऱ्या दोन आशा सेविकांची नावे त्यांच्याच सांगण्यावरून दिलेली नाहीत.